आधी सही, मग मजकूर

वसतिगृहात मला सगळ्या अर्जवाली म्हणायच्या. कुंदा लोणारे हे नाव हजेरीपुरतं. रजेचा अर्ज, उशिरा येण्याची परवानगी, मेस बंद ठेवायची विनंती, नळाची तक्रार, काहीही असो, पोरी माझ्या कॉटवर येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "कुंदे, लिही न व जरा." अक्षर माझं वळणदार आणि इंग्रजी इतरांपेक्षा बरं. बरं म्हणजे वासरात लंगडी गाय शहाणी, तेवढंच. पण त्या वयात लंगड्या गाईलाही आपली शिंगं सोन्याची वाटतात.

आमची संस्था अन्नतंत्राची आणि केंद्र सरकारची. गाव वऱ्हाडातलं, पोरी वऱ्हाडातल्या, रेक्टर तारे मॅडम मराठी. पण मुख्य वॉर्डन डॉ. पट्टाभिरामन तमिळ, आणि त्यांच्या ऑफिसचं सगळं कामकाज इंग्रजीत. म्हणून रिवाज असा पडला होता की अर्ज मराठीत, अदबीनं, रेक्टर मॅडमच्या नावे लिहायचा आणि सोबत प्रशासनासाठी त्याची इंग्रजी प्रत जोडायची. तारे मॅडम मराठी अर्ज चष्मा लावून पूर्ण वाचायच्या आणि समासात शेरा मारायच्या. इंग्रजी प्रतीकडे त्या बघायच्याही नाहीत. ती ऑफिसची, ऑफिसनं वाचावी. मग दोन्ही कागद एकत्र टाचून ऑफिसातल्या सरनाईक बाबूंकडे द्यायचे, ते त्यावर आवक क्रमांक टाकायचे.

आणखी एक रिवाज होता, तो मात्र माझा स्वतःचा. पोरी सकाळी प्रॅक्टिकलला पळायच्या आणि मला लिहायला वेळ मिळायचा दुपारी. मग मी कोऱ्या कागदावर खाली उजवीकडे पेन्सिलीनं फुली मारून द्यायची आणि म्हणायची, "इथं कर सही. वरचं मी मागून भरते." आधी सही, मग मजकूर. तीन वर्षांत एकीनंही विचारलं नाही की वर काय लिहिणार आहेस म्हणून. मला त्याचा केवढा अभिमान होता! माझ्या पेटीत पोरींच्या सह्यांचे कोरे कागद असायचे आणि मला वाटायचं, विश्वास म्हणतात तो हाच.

द्वारका अस्वार माझी रूममेट. अंजनगावची. वडिलांचा पानमळा होता. घरून आली की ओल्या फडक्यात गुंडाळलेली विड्याची पानं आणायची, आणि आमची खोली चार दिवस गोड तिखट वासानं भरून जायची. बोलायला मोजकी, पण प्रयोगशाळेत तिचा हात असा की बाकीच्यांचा जॅम पाण्यासारखा पळायचा आणि हिचा चमच्यावर उभा राहायचा. मोर्शीकडच्या एका संत्रा कारखान्याचे साहेब आमच्या प्रदर्शनाला आले होते. त्यांनी तिच्या बरणीतला मुरंबा खाऊन सांगितलं होतं, "डिग्री घेऊन ये, तुझी खुर्ची ठेवतो." तेव्हापासून द्वारकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या साहेबांचा पत्ता होता. शेवटचं वर्ष होतं. दोन सत्रं राहिली होती.

तिला फिट्स यायच्या.

पहिल्या वर्षीच मी पाहिलं. केस विंचरता विंचरता कंगवा हातातून पडला, डोळे वर गेले आणि ती कॉटवरून खाली. मी इतकी घाबरले की पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी नेली, कारण आमच्याकडे तसंच करतात. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं काय केलं असेल, तर दाराची कडी लावली.

"कोणाले सांगजो नोको कुंदा. तुले माही शपथ."

"अव पण डॉक्टर?"

"डॉक्टर आहे अमरावतीचा. गोळ्या चालू आहेत. चप्पल नोको लावत जाऊ, नुसती कुशीवर कर आणि डोक्याखाली काही ठेव. दोन मिनिटांत मी ठीक होते." मग म्हणाली, "माह्या मागं दोघी आहेत, इंदू आन् सरू. आमच्या लोकांत हे कळलं न, तर तिघींचंही झालं समज."

गोळ्या तिनं एका बाटलीत भरून ठेवल्या होत्या आणि वर चिठ्ठी लावली होती, पित्ताच्या गोळ्या. चिठ्ठी मीच लिहून दिली होती, माझ्या वळणदार अक्षरात. तीन वर्षं आम्ही दोघींनी ते सांभाळलं. जागरण झालं की फिट यायची, गोळी चुकली की यायची, एरवी महिनेच्या महिने काही नाही. मी तिची सख्खी बहीण असल्यासारखी वागले, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण पुढचं सांगायचं तर हेही सांगितलं पाहिजे.

आमची खोली एकतीस दुसऱ्या मजल्यावर आणि न्हाणीघरं सगळी तळमजल्यावर. चव्वेचाळीस पायऱ्या. त्या ऑगस्टमध्ये एका सकाळी द्वारका बादली घेऊन उतरत होती आणि मधल्या वळणावर तिला फिट आली. बादली घरंगळत खाली गेली, त्या आवाजानं पोरी धावल्या. मी पोचेपर्यंत ती भानावर येत होती. कपाळ फुटलं होतं, पाच टाके पडले. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. पोरींनी विश्वास ठेवला, कारण जिना होताच तसा. पण मी त्या दिवसापासून झोपेतही पायऱ्या मोजायला लागले.

तेवढ्यात तळमजल्यावरची चार नंबरची खोली रिकामी झाली. त्यातल्या दोघींपैकी एकीचं लग्न ठरलं, दुसरी मावशीकडे राहायला गेली. मी द्वारकाच्या मागे लागले.

"आपण दोघी खाली जाऊ. न्हाणी समोरच आहे."

"आन् कारण काय लिहिशीन?"

"पायऱ्या चढा-उतरायचा त्रास. टाके तर दिसतेतच."

"एवढंच न?"

"एवढंच व बाप्पा! काय रामायण लिहितो का मी?"

ती हसली. मी दोन कोरे कागद पुढं केले, एक मराठीसाठी, एक इंग्रजीसाठी. दोन्हींवर फुल्या मारल्या. अर्ज माझ्या नावे होता, खाली ‘सहनिवासी म्हणून मान्य आहे’ असं लिहून तिची सही घ्यायची होती. तिनं गुडघ्यावर वही ठेवून दोन्हींवर सही केली आणि प्रॅक्टिकलला गेली.

मराठी अर्ज मला अजून पाठ आहे.

‘मा. रेक्टर मॅडम यांचे सेवेशी. विषय: खोली बदलून मिळणेबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती करते की, मी व माझी सहनिवासी कु. द्वारका अंबादास अस्वार आम्ही दोघी खोली क्र. ३१ मध्ये राहत आहोत. कु. अस्वार हिस प्रकृतीच्या कारणाने जिने चढ-उतार करण्यास त्रास होतो. तरी तळमजल्यावरील खोली क्र. ४ आम्हां दोघींस देण्याची कृपा करावी. आपण आमच्या आईच्या ठिकाणी आहात. योग्य तो विचार व्हावा ही विनंती. आपली आज्ञाधारक.’

तारे मॅडम तो वाचत होत्या तेव्हा मी टेबलासमोर हात बांधून उभी होते. ‘आईच्या ठिकाणी’ वर त्या जरा थांबल्या. एकट्या राहायच्या त्या, वसतिगृहाच्याच दोन खोल्यांत.

"प्रकृतीच्या कारणाने," त्या म्हणाल्या. "बरं लिहिलंयस. पित्ताच्या गोळ्या वेळेवर घेते ना गं ती?"

"हो मॅडम."

"तू बघत जा." त्यांनी समासात लिहिलं, शिफारस, खोली चार दोघींना द्यावी, आणि सही केली. "इंग्रजी प्रत जोड आणि बाबूंकडे दे. मी आजच नागपूरला निघतेय, परीक्षेचं काम आहे. आठवड्यानं येईन."

मी मनात म्हटलं, चिठ्ठीनं मॅडमनाही फसवलं! केवढी हुशार मी.

सरनाईक बाबूंच्या टेबलाशी आले तर त्यांनी मराठी अर्ज उलटसुलट केला आणि सुस्कारा सोडला.

"चार नंबरवर तीन अर्ज पडून आहेत, पोरी. एकीचा गुडघा, एकीची कंबर, एकीले दमा. साहेब म्हणून राहिले, पायऱ्या तर मलाही त्रास देतात. इंग्रजी प्रत कुठं आहे?"

"लिहायची आहे."

"मग कारण जरा वजनदार लिही. साहेब फक्त तीच वाचतात. पाचच्या आत आणून दे, उद्या बैठक आहे खोल्यांची."

बाबूंचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी सगळ्यांना सांगितलं असतं तेच मला सांगितलं.

मी वाचनालयात जाऊन बसले. समोर द्वारकाच्या सहीचा कोरा कागद. दुपारचे अडीच वाजले होते. ‘जिने चढण्यास त्रास’ हे इंग्रजीत लिहून पाहिलं, कच्च्या कागदावर. फारच लेचंपेचं दिसलं. दम्यापुढे ते कुठं टिकणार? मग मी शब्दकोश काढला आणि तो शब्द शोधला. स्पेलिंग नीट पाहून घेतलं. आणि लिहिलं की माझी सहनिवासी एपिलेप्टिक फिट्सनं आजारी आहे, तिला गेली अनेक वर्षं झटके येतात, नुकताच जिन्यात आला आणि डोक्याला जखम झाली, तिच्या जिवाला धोका आहे. सुरेख इंग्रजी होतं. दोनदा वाचलं आणि मी स्वतःवरच खूश झाले. असं कारण वाचून कोण नाही म्हणेल?

द्वारका प्रयोगशाळेत होती, वाचनालयापासून दोनशे पावलांवर. पाच वाजायला अडीच तास होते. मी विचारायला गेले नाही. मला विचारायचं सुचलं नाही असं मी पुष्कळ वर्षं लोकांना सांगितलं, पण ते खोटं आहे. सुचलं होतं. ती नाही म्हणेल हे ठाऊक होतं म्हणून गेले नाही. तिचं भलं मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, असा माझा पक्का समज होता.

सहा दिवसांनी सरनाईक बाबूंनी आम्हां दोघींना बोलावलं. आदेश निघाला होता. बाबू नेहमी थट्टा करायचे, त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. कागद पुढं सरकवला.

पहिल्या कलमात लिहिलं होतं, कुमारी कुंदा लोणारे यांना खोली क्रमांक चार देण्यात येत आहे. दुसऱ्या कलमात, कुमारी द्वारका अस्वार यांचा आजार लक्षात घेता त्यांनी पालकांजवळ राहावं. वैद्यकीय दाखला आणि पालकांचं लेखी हमीपत्र दिल्याशिवाय त्यांना वसतिगृहात राहता येणार नाही. मुदत पंधरा दिवस. खाली, प्रत माहितीसाठी: पालक, श्री. अंबादास अस्वार, रजिस्टर पोस्टानं. सोबत मूळ अर्जाची प्रत.

द्वारकानं आदेश वाचला. मग बाबूंना म्हणाली, "मूळ अर्ज दाखवता का?"

बाबूंनी फाईल उघडली. तिनं माझं इंग्रजी शांतपणे वाचलं, शेवटपर्यंत, जिथं तिची सही होती तिथपर्यंत. सहीवर बोट ठेवलं.

"हे तर मीच लिहून दिलं," ती म्हणाली.

आम्ही खोलीवर निघालो. चव्वेचाळीस पायऱ्या. वर आल्यावर मी रडायला लागले, म्हटलं, "द्वारके, मी चांगल्यासाठी केलं व. मले वाटलं खोली मिळीन."

"मिळाली न," ती म्हणाली.

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती कपाट उघडून बसली आणि पित्ताच्या गोळ्यांच्या बाटलीवरची चिठ्ठी नखानं खरवडत राहिली.

तारे मॅडम परत आल्या त्या सामान खोलीत न ठेवता थेट ऑफिसात गेल्या. तासाभरानं मला बोलावलं. त्यांच्यापुढं दोन्ही प्रती होत्या, शेजारी शेजारी.

"कुंदा, तुला काय वाटलं, मला कळलं नव्हतं? बावीस वर्षं पोरी बघतेय मी. पहिल्याच वर्षी कळलं मला."

"मग तुम्ही..."

"मग मी काय? मी तुझा अर्ज घेतला, ‘प्रकृतीच्या कारणाने’ वाचला आणि शिफारस केली. आपल्या भाषेत एवढं लिहिलं की समजणाऱ्याला समजतं आणि कागदावर काही राहत नाही. ते माझ्या शेऱ्यावर निभावलं असतं गं. नसतं निभावलं तर मी माझी खोली दिली असती तिला." त्यांनी चष्मा काढला. "पण माझीही चूक आहेच. इंग्रजी प्रत वाचल्याशिवाय मी सही केली. आधी सही, मग मजकूर. तुझीच पद्धत की नाही?"

मला वाटलं होतं ही पद्धत फक्त आम्हां पोरींना माहीत आहे.

पत्र अंजनगावला पोचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी द्वारकाचे वडील आले. धोतर, पांढरा सदरा, खांद्यावर पानांची ओली चवड बांधलेलं फडकं. मी वसतिगृहाच्या फाटकाशीच त्यांना भेटले, कारण द्वारका खाली यायला तयार नव्हती.

"तू कुंदा न व माय?" ते म्हणाले. "द्वारका तुह्याबद्दल लय सांगते. तू होती म्हून आम्ही निर्धास्त होतो."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पाकीट काढलं, त्यातून अर्जाची प्रत.

"इंग्रजी आमाले काय समजते? हायस्कूलच्या सरांकडे नेलं वाचायले. त्याइच्या वसरीवर चार जन बसले होते. सरानं मोठ्यानं वाचून देल्लं, तेले तरी काय मालूम आत काय हाये." मग कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "अक्षर मात्र सुंदर हाये. सर बी म्हने, कोन्या पोरीचं हाये, मोत्यासारखं."

आयुष्यात माझ्या अक्षराची एवढी वाईट तारीफ कोणी केली नाही.

डॉ. पट्टाभिरामन यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. ते स्वतः, तारे मॅडम, द्वारकाचे वडील आणि ‘अर्जदार’ म्हणून मी. द्वारकाला बोलावलं होतं, पण ती बाहेर बाकावरच बसली. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी वडिलांना आधी पाणी दिलं, मग इंग्रजीत सांगत गेले आणि मॅडम मराठीत. ते म्हणाले, पूर्वी मी जिथं होतो तिथं अशी एक मुलगी पाण्याच्या टाकीशी पडली. कोणाला माहीत नव्हतं, म्हणून कोणी धावलं नाही. तिच्या बापाला मी काय सांगितलं ते मलाच ठाऊक. तुमच्या मुलीला मी काढत नाही. खोली चारमध्ये दोन कॉट आहेत, दुसरी तिचीच आहे. फक्त हे हमीपत्र भरून द्या.

मॅडमनी कागद वडिलांपुढं ठेवला. छापील होता. मॅडमनी तो मराठीत वाचून दाखवला: माझ्या मुलीस अमुक आजार आहे, तिच्यावर अमुक डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, याची मला कल्पना आहे, संस्था जबाबदार राहणार नाही. रिकामी जागा होती ती आजाराच्या नावाची.

"जबाबदारी घेतो म्या," वडील लगेच म्हणाले. "बापच हावो तिचा. पन ते आजाराचं नाव नोका लिवू. तोंडी सांगतो, देवाची आन घेऊन सांगतो."

"तोंडी चालत नाही अंबादासजी."

"मॅडमबाई, वसरीवर चार जनानं आयकलं, ते उद्या म्या नाकारीन. सर चुकीचं वाचले म्हनीन. पन माही सही करून म्याच लिवून देल्लं, मंग कोनापुढं नाकारू? घरी दोघी हायेत अजून. इंदूले पाहुणे येनार हायेत दिवाळीनंतर."

मॅडमनी साहेबांना समजावलं. साहेबांनी फाईल उघडून माझी इंग्रजी प्रत वर काढली. मग म्हणाले, नावाऐवजी ‘प्रकृतीचं कारण’ असं लिहू द्या असं तुम्ही म्हणता. या इंग्रजी प्रतीत तसंच असतं तर मी तेवढंच धरलं असतं. पण आता माझ्या फाईलमध्ये आजाराचं नाव असलेला कागद आहे, त्यावर स्वतः मुलीची सही आहे. तो मी कुठं टाकू?

सगळ्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "सर, मी लिहून देते की मी खोटं लिहिलं. खोली मिळावी म्हणून खोटं लिहिलं." मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलंच नाही. त्या हळूच म्हणाल्या, "पुरे कर आता लिहिणं."

वडिलांनी सही केली नाही. हमीपत्राची घडी घातली, ती टेबलावर तशीच ठेवली, आणि सोबत आणलेली पानं मॅडमच्या पुढं. "रिकाम्या हातानं कसं यावं म्हून आनली होती," म्हणाले. खोलीतून बाहेर पडताना ते दाराला धडकले. डोळे भरले होते त्यांचे, समोरचं दिसत नव्हतं. मी त्या माणसावर पुष्कळ वर्षं रागावले होते. एक सही, एवढंच तर मागत होते. पण तीन पोरींचा बाप होता तो, आणि त्याच्याकडे एकीच्या बदल्यात दोघी मागितल्या होत्या.

बाहेर बाकावर द्वारकानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता उठली. "बाबा, तुमी जेवून घ्या," म्हणाली. "मी सामान बांधतो."

अंजनगावहून रोज येणं शक्य नव्हतं, म्हणजे वसतिगृहाबरोबर डिग्रीही सुटत होती. सामान बांधायला तिला फार वेळ लागला नाही. प्रयोगशाळेतून आणलेल्या मुरंब्याच्या दोन बरण्या तिनं माझ्या फळीवर ठेवल्या. वहीचं पहिलं पान फाडलं नाही, मला वाटलं होतं फाडेल. मी मधेच म्हटलं, "द्वारके, बोल न व काही. मार मले."

ती पेटीवर बसली.

"तू जे लिहिलं ते खोटं नव्हतं कुंदा. एक अक्षर खोटं नव्हतं. पण ते माहं होतं न व. कोणाले सांगायचं, किती सांगायचं, माहं होतं."

मी खाली बसले आणि तिच्या वळकटीची दोरी आवळली.

जाण्याआधी एक काम राहिलं होतं. वसतिगृह सोडायचं तरी अर्ज लागतोच, मराठी आणि सोबत इंग्रजी प्रत. मराठी अर्ज तिनं स्वतः लिहिला. तीन वर्षांत पहिल्यांदा. अक्षर तिरपं, ओळी खाली उतरत गेलेल्या. कारण: घरगुती अडचण. तारे मॅडमनी तो वाचला, आणि या खेपेला समासात काहीच लिहिलं नाही, नुसती सही केली. मग द्वारका माझ्यासमोर कोरा कागद घेऊन आली.

"इंग्रजी तू लिही. माहं चुकते."

माझा हात सवयीनं खाली उजवीकडे गेला, पेन्सिलीची फुली मारायला. तिनं माझं मनगट धरलं.

"आधी लिही," ती म्हणाली.

मी लिहू लागले. ती माझ्या खांद्याशी उभी राहून पाहत होती. तीन ओळींचा अर्ज, मला लिहायला पाऊण तास लागला असं वाटलं. संपल्यावर तिनं कागद उचलला, खिडकीपाशी उजेडात नेला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत मोठ्यानं वाचला. एका शब्दाचा अर्थ विचारला, मी सांगितला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. फाटकाशी तिचे वडील रिक्षा थांबवून उभे होते, त्यांनी दोनदा हाक मारली. ती घाई न करता शेवटपर्यंत गेली.

मग तिनं सही केली.

दुसऱ्या दिवशी मी खोली चारमध्ये राहायला गेले. न्हाणीघर अगदी समोर होतं. त्या वर्षभरात पोरी यायच्या, म्हणायच्या, कुंदे, अर्ज लिही न व. मी त्यांना पेन द्यायची. समोरची कॉट कोणाला देऊ नका असा अर्ज मात्र मी स्वतः केला होता, फक्त मराठीत. तारे मॅडमनी तो ऑफिसला पाठवलाच नाही, त्या कॉटसाठी कोणाची शिफारसही केली नाही, आणि ती कॉट शेवटपर्यंत रिकामी राहिली.